एका कामाचं श्रेय, दोघांचं भांडण: सोडवायला कुठून सुरुवात करावी

रत्नागिरीजवळ आमचं फळप्रक्रियेचं छोटं युनिट आहे. तिथे लॅब सांभाळणाऱ्या ताई आणि प्रॉडक्शन बघणारे दादा दोन वर्षं एकमेकांशी कामापुरतंसुद्धा धड बोलत नव्हते. पावसाळ्यात अमृत कोकमच्या बाटल्या आंबायच्या, झाकणं फुगायची. ते थांबलं, पण थांबवलं कोणी, यावरून सगळं.

असं भांडण मुरलंय हे आवाजावरून कळत नाही, कारण आवाज बंद झालेला असतो. खूण वेगळी असते. दोघंही तुमच्याकडे पुरावे जमा करायला लागतात. साधा मेसेजसुद्धा ग्रुपवर पडतो, वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवले जातात. इथवर आलं की दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून टाका" म्हणू नका. मी म्हटलं होतं, त्यानंतर लॅबचं रजिस्टर प्रॉडक्शनला मिळेनासंच झालं.

आधी प्रत्येकाला एकट्याला भेटा आणि विचारा, या कामात 100 पैकी तुमचा वाटा किती? ताई म्हणाल्या 70, दादा म्हणाले 65. बेरीज 135. यावरून कुणी खोटं बोलतंय असं समजू नका. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला होता, तेव्हाही बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला बारकाव्यांसकट आठवतं, दुसऱ्याचं निम्मं काम तर आपल्यासमोर झालेलंच नसतं. हे दोघांना एकेकट्याला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा आवाज जरा खाली आले.

मग टक्केवारी सोडून द्या आणि कामाचे तुकडे करा. कोणाच्या लक्षात आलं, कारण कोणी शोधलं, उपाय कोणी सुचवला, कोणी करून पाहिला, रोजच्या कामात कोणी बसवला. हे आठवणीवरून भरायचं नाही, वह्या काढायच्या. आमच्या लॅब रजिस्टरात होतं की कढईतल्या सिरपचं ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, 66 होतं, ते ठीकच. पण ताईंनी खराब बाटल्यांचा अगदी वरचा थर रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिला, तो 58 निघाला. गरम सिरपची वाफ झाकणाखाली धरायची, थेंब वर पडून तेवढा थर पातळ व्हायचा आणि यीस्टला तेवढं पुरायचं. कारण ताईंचं, यात वाद नाही. बॅचच्या वहीत पुढचं होतं. झाकण गरम असतानाच लावायचं, बाटली तीन मिनिटं आडवी ठेवायची, गार झाल्यावर उलटसुलट करून थर मिसळायचा, हे दादांनी 40 बाटल्यांवर करून पाहिलं आणि त्यासाठी भरायच्या टेबलाची मांडणी बदलली. शिवाय एक गोष्ट निघाली जी दोघांच्याही शंभरात नव्हती. बाटल्या उघडताना वास वरूनच येतो हे पहिल्यांदा बोलल्या होत्या पॅकिंगच्या मावशी.

आता "निम्मं-निम्मं" म्हणायचा मोह होतो. ते टाळा. निम्म्यात दोघांनाही आपलं कापलं गेल्यासारखं वाटतं, आणि कोणी नेमकं काय केलं हे पुन्हा झाकलं जातं. त्याऐवजी क्रियापदांचं एक वाक्य लिहा: मावशींनी वास ओळखला, ताईंनी कारण शोधलं, दादांनी उपाय बसवला. हे प्रत्येकाला वेगळं वाचून दाखवा, चुकीचा तपशील असेल तर वहीच्या आधारावर बदला. दादांनी एक तारीख दुरुस्त केली, ताईंनी "बसवला" या शब्दावर अर्धा तास घेतला. घेऊ द्या.

मग ते वाक्य बोलायचं कुठे? जिथे चुकीचं बोललं गेलं, तिथेच. आमच्याकडे चूक माझी होती. बाहेरून आलेल्या खरेदीदाराला मी सगळ्यांदेखत "हे आमच्या दादांनी केलं" असं सांगून मोकळा झालो होतो. केबिनमध्ये ताईंची माफी मागून ते भरून निघालं नसतं. त्याच खरेदीदाराच्या पुढच्या भेटीत, त्याच माणसांसमोर दुरुस्ती केली.

पुढच्या कामाला मात्र वाटे आधी ठरवा. रापण ओढणारे जाळ्याला किती, माणसाला किती हे जाळं आत जायच्या आधीच जाणून असतात. मासळी किनाऱ्यावर आल्यावर तो हिशोब काढला असता तर काय झालं असतं! आम्ही ट्रायलच्या कागदावर वर दोन ओळी वाढवल्या: कोण काय करणार, आणि बाहेर सांगताना कोण बोलणार.

एका ठिकाणी हा मार्ग चालत नाही. कुणी नोंद मागाहून बदलली असेल किंवा दुसऱ्याचा आकडा मुद्दाम दाबला असेल, तर तो श्रेयाचा वाद उरत नाही, शिस्तीचा होतो, आणि त्याची चौकशी वेगळी करावी लागते. तसं नसेल, तर साधारण एक सीझन वाट पाहा. मैत्रीची अपेक्षा ठेवू नका, आमचे दोघे अजून वेगवेगळ्या वेळी जेवतात. मी रजिस्टरकडे बघत होतो. जूनमध्ये एक दिवस ते न मागता प्रॉडक्शनच्या टेबलावर आलेलं दिसलं.