दहा विषयांची एकदम तुलना करताना खोटी घंटा कशी ओळखावी

मुंबईत जागा कमी आणि मुलं जास्त, म्हणून कितीतरी शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळची मुलं जिना उतरत असतात तेव्हा दुपारची खाली दप्तरं घेऊन ताटकळत असतात. अशा शाळेच्या स्टाफरूममध्ये एक वाद हमखास निघतो: दुपारची पाळी अभ्यासात मागे पडते का? कोणीतरी उत्साही शिक्षक नववीच्या सत्र परीक्षेचे गुण एक्सेलमध्ये भरतो, दहाही विषयांत दोन पाळ्यांची तुलना करतो आणि जाहीर करतो, ‘चार विषयांत फरक आहे, सिद्ध झालंय.’

त्या चारांतले खरे किती आणि योगायोगाने आलेले, म्हणजे खोट्या घंटा, किती, हे कसं ठरवायचं ते इथे एका उदाहरणातून पाहू. प्रत्येक पाळीत ६० मुलं धरली आहेत. गुणांचे आकडे समजावण्यासाठी मी रचलेले आहेत; पद्धत मात्र तुमच्या खऱ्या आकड्यांनाही जशीच्या तशी लागू पडते.

आधी घंटा का वाजते ते बघू

तुलना केली की संगणक प्रत्येक विषयासाठी एक पी-मूल्य देतो. त्याचा अर्थ एवढाच: पाळीमुळे काहीही फरक पडत नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. ते ०.०५ च्या खाली गेलं की आपण ‘फरक आहे’ म्हणतो. म्हणजे खरा फरक नसताना शंभरात पाच वेळा आपण फसणार, हे आपण आधीच कबूल केलेलं असतं.

एका विषयासाठी हा सौदा ठीक आहे, पण आपण दहा वेळा नशीब अजमावतोय. एका विषयात न फसण्याची शक्यता ०.९५. दहा विषय एकमेकांशी संबंध नसलेले असते, तर एकदाही न फसण्याची शक्यता ०.९५ ला दहा वेळा गुणून मिळाली असती: साधारण ०.६०. उरलेले ४० टक्के म्हणजे कुठेतरी एक तरी खोटी घंटा वाजण्याची शक्यता. मुलगे आणि मुली वेगळे करून तपासलंत तर वीस तुलना होतात, आणि हीच शक्यता ६४ टक्क्यांवर जाते.

याचा सर्वात गमतीदार पुरावा एका मेलेल्या माशाने दिला आहे. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि त्यातल्या माणसांच्या मनात कोणती भावना आहे असं चक्क विचारलं. स्कॅनर हजारो ठिपक्यांची एकेक तपासणी करतो, त्यामुळे काही ठिपक्यांत माशाचा मेंदू ‘विचार करताना’ दिसला. तपासण्यांच्या संख्येची दुरुस्ती केल्यावर ते ठिपके नाहीसे झाले. २०१२ मध्ये या कामाला हसवता हसवता विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं इग नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडचा बोंबील ठेवला असता तरी निकाल वेगळा आला नसता.

पायरी १: किती तुलना करणार ते आधी लिहून ठेवा

ही पायरी कागदावरची आहे आणि बहुतेक चुका इथेच होतात. गुण बघण्याआधी यादी करा: मराठी, हिंदी, इंग्रजी, बीजगणित, भूमिती, विज्ञान-१, विज्ञान-२, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल. एकूण दहा. पुढचा सगळा हिशेब याच दहाने होणार.

‘मराठी-हिंदीत काही दिसलंच नाही, म्हणून ते सोडून दिले आणि आठच धरले’ हे चालत नाही. बघितलेली प्रत्येक तुलना मोजायची, मग ती अहवालात येवो न येवो. तुकड्यांची आपसात तुलना करायची असेल तर आकडा आणखी भराभर वाढतो: सहा तुकड्यांच्या जोड्या पंधरा होतात, आणि त्या प्रत्येक विषयाला पंधरा.

पायरी २: पी-मूल्यं काढा आणि चढत्या क्रमाने लावा

शीटमध्ये A रकान्यात हजेरी क्रमांक आणि B ते K मध्ये दहा विषय घ्या. ओळी २ ते ६१ सकाळची मुलं, ६२ ते १२१ दुपारची. B123 मध्ये हे सूत्र टाका आणि K पर्यंत ओढा:

```
=T.TEST(B2:B61,B62:B121,2,3)
```

शेवटून दुसरा 2 म्हणजे फरक कोणत्याही बाजूचा चालेल, आणि 3 म्हणजे दोन्ही पाळ्यांतल्या गुणांचा पसारा सारखाच असेल असं गृहीत धरलेलं नाही.

समजा क्रमाने असे आकडे आले: भूमिती ०.००३, इंग्रजी ०.०११, विज्ञान-२ ०.०१४, भूगोल ०.०३८, हिंदी ०.०९, आणि बाकीचे पाच ०.२० च्या वर. नुसत्या ०.०५ च्या मापाने पहिले चार विषय ‘वेगळे’ ठरतात. उत्साही शिक्षकाची घोषणा इथूनच आली.

पायरी ३: कडक चाळणी लावा

सर्वात सोपी दुरुस्ती बॉन्फरोनी या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते: ०.०५ ला तुलनांच्या संख्येने भागा. दहा तुलना, म्हणून प्रत्येक विषयासाठी ०.००५ ची रेषा. एक तरी खोटी घंटा वाजण्याची शक्यता मग पाच टक्क्यांच्या वर जात नाही, विषय एकमेकांशी कसेही जोडलेले असोत.

पण मी ही पद्धत वापरत नाही, कारण स्टुरे होल्म यांनी १९७९ मध्ये दाखवलेली सुधारित पद्धत तेवढीच सुरक्षित आहे आणि थोडी कमी कंजूष आहे. तिच्यात सर्वात लहान पी-मूल्य ०.०५ भागिले दहाशी ताडायचं, त्यानंतरचं ०.०५ भागिले नऊशी, मग आठशी, आणि पहिलं अपयश आलं की तिथेच थांबायचं. आपल्या उदाहरणात भूमिती ०.००३ ही ०.००५ च्या खाली आहे, म्हणून पास. इंग्रजी ०.०११, पण रेषा ०.००५६ ची, म्हणून नापास. इथे थांबायचं. पुढच्या एखाद्या विषयाचं पी-मूल्य त्याच्या रेषेखाली बसताना दिसलं, तरी तो आता धरायचा नाही. चारांपैकी एकच विषय उरला.

पायरी ४: खोट्या घंटेची किंमत किती, त्यावरून चाळणी निवडा

कडक चाळणीतून कचऱ्याबरोबर धान्यही जातं. भूमितीच्या बाईंची पाळी बदलायची असेल, तर एकही चूक नको. तिथे होल्म योग्य. पण ‘कोणत्या विषयांकडे पुढच्या सत्रात जरा निरखून बघायचं’ एवढीच यादी हवी असेल, तर तीनात एखादा विषय चुकून आला तरी काही बिघडत नाही.

अशा कामासाठी बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ ची पद्धत आहे. ती ‘एकही चूक नको’ असं म्हणत नाही. ती ‘ज्यांना आपण वेगळं म्हटलं त्यांच्यात खोट्यांचा वाटा सरासरी पाच टक्क्यांच्या आत राहू दे’ एवढंच पाळते. क्रमांक भागिले दहा, गुणिले ०.०५, अशी प्रत्येकाची रेषा काढा: पहिल्याला ०.००५, दुसऱ्याला ०.०१०, तिसऱ्याला ०.०१५, चौथ्याला ०.०२०. आता खालून वर या, म्हणजे सर्वात मोठ्या पी-मूल्यापासून सुरू करा. ०.०५ च्या वरचे सहा विषय तर नापासच. भूगोल ०.०३८, रेषा ०.०२०, नापास. विज्ञान-२ ०.०१४, रेषा ०.०१५, पास. पहिला पास सापडला की तो आणि त्याच्या वरचे सगळे घ्यायचे.

इथे नवखा माणूस नेहमी अडखळतो. इंग्रजीचं ०.०११ स्वतःच्या ०.०१० या रेषेच्या वर आहे, तरी ती यादीत येते, कारण तिच्या खालचा विज्ञान-२ पास झाला आहे. वरून तपासत आलात तर इंग्रजीपाशीच थांबाल आणि दोन विषय गमवाल. अशा प्रकारे तीन विषय मिळाले: भूमिती, इंग्रजी, विज्ञान-२. भूगोल दोन्ही पद्धतींनी बाद.

कोणती पद्धत वापरणार हेही पायरी १ च्या कागदावरच लिहा. दोन्ही करून बघून आवडता निकाल निवडणं म्हणजे पुन्हा तीच चलाखी.

पायरी ५: शंका असेल तर पाळ्यांची सरमिसळ करून बघा

वर ४० टक्के म्हटलं ते विषय सुटे असतील तर. प्रत्यक्षात बीजगणितात हुशार मुलगी बहुधा भूमितीतही हुशार असते. त्यामुळे घंटा कमी वेळा वाजते, पण वाजली की दोन-तीन विषयांत एकदम वाजते. म्हणूनच ‘चार विषयांत एकाच बाजूचा फरक, म्हणजे खरंच असणार’ हा युक्तिवाद फसवा आहे.

तुमच्याच गुणांतून याचा अंदाज काढता येतो. शीटची प्रत करा, L रकान्यात =RAND() टाका आणि ओळी २ ते १२१ L नुसार क्रमाने लावा. प्रत्येक मुलाचे दहाही गुण एकत्र हलतात, पण सकाळ-दुपार आता निरर्थक झाली: पहिल्या साठ ओळींत कोणीही आलं आहे. मग दहांतलं सर्वात लहान पी-मूल्य टिपा:

```
=MIN(B123:K123)
```

असं शंभर वेळा करा. चहा घेत घेत अर्ध्या-पाऊण तासात होतं. छोटा प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर हजार वेळा करा, शंभरातून अंदाज ढोबळच येतो. किती वेळा हा आकडा ०.०५ च्या खाली गेला ते मोजा. पाळीला काहीही अर्थ नसताना तुमची शाळा किती वेळा ‘फरक सापडला’ म्हणाली असती, ते समोर येतं. शिवाय शंभरातला पाचवा सर्वात लहान आकडा ही तुमच्या विषयांची खरी रेषा. विषय एकमेकांशी घट्ट जोडलेले असतील तर ती ०.००५ पेक्षा सैल येते आणि तेवढं धान्य वाचतं.

एका गोष्टीत यातलं काहीच मदत करत नाही. दुपारच्या पाळीत मुळातच लांबून लोकलने येणारी किंवा उशिरा प्रवेश घेतलेली मुलं जास्त असतील, तर भूमितीतला फरक खरा असूनही त्याचं कारण पाळी नसेल.

पायरी ६: सापडलेलं नव्या गुणांवर तपासा

दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत पुन्हा दहा विषय उकरू नका. भूमिती, इंग्रजी आणि विज्ञान-२ एवढेच घ्या. आता तुलना तीनच आहेत, म्हणून होल्मची पहिली रेषा ०.०५ भागिले तीन, म्हणजे ०.०१६७ इतकी मोकळी होते. इंग्रजीचं ०.०११ पहिल्या सत्रात दहांच्या गर्दीत अडकलं होतं. तेवढाच फरक दुसऱ्या सत्रात पुन्हा दिसला तर ते इथे सुटतं. आणि निकाल सांगताना पी-मूल्याच्या शेजारी फरक किती गुणांचा आहे तेही लिहा, कारण ४० पैकी सव्वा गुणासाठी पाळी बदलायची का, हा प्रश्न मुख्याध्यापिका विचारणारच.