निकोटिनामाइडपासून ३-अमिनोपायरिडीन : हॉफमन पुनर्रचना करताना

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी हॉफमन पुनर्रचना प्रथम हातांनी केली, तेव्हा कागदावरची यंत्रणा मला तोंडपाठ होती. अमाइडच्या नायट्रोजनवर ब्रोमीन बसतो, अल्कली उरलेला हायड्रोजन काढून घेते, मग कार्बोनिलला जोडलेला गट नायट्रोजनवर सरकतो आणि त्याच वेळी ब्रोमाइड बाहेर पडतो. तयार झालेल्या आयसोसायनेटवर पाणी येते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि एक कार्बन कमी असलेले अमीन उरते. प्रयोग फसला तो मात्र यंत्रणेमुळे नव्हे, तापमानामुळे आणि मिठामुळे.

प्रमाण असे होते : ७.५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड ८० मिलिलीटर पाण्यात विरघळवून बर्फात थंड करायचे, ढवळत ३.१ मिलिलीटर ब्रोमीन घालायचे आणि द्रावण पुरते गार झाल्यावर ६ ग्रॅम बारीक निकोटिनामाइड एकदम टाकायचे. ब्रोमीन अर्थातच धूरकपाटात, हातमोजे घालून आणि थायोसल्फेटचे द्रावण शेजारी ठेवूनच मोजावे. पहिल्या वेळी मी बर्फ पुरेसा घेतला नाही. हायपोब्रोमाइट कोमट झाले की त्याचे ब्रोमेट व ब्रोमाइड होऊ लागते आणि ब्रोमेट या अल्कलीत अमाइडला काहीच करत नाही, त्यामुळे टीएलसीवर निकोटिनामाइडचा ठिपका शेवटपर्यंत तसाच राहिला.

अमाइड थंडीतच, साधारण पंधरा मिनिटांत, पूर्ण विरघळू द्यावे आणि त्यानंतरच ७० ते ७५ अंश सेल्सिअसवर पाऊण तास ठेवावे. घाई करून आधीच तापवले, तर काही आयसोसायनेट तयार होते तेव्हा भोवती न बदललेले अमाइड असते, आणि पाण्याऐवजी ते त्याच्याशी किंवा नव्या अमीनशी जुळून युरिया बनवते. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे दिसतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण तो अल्कलीत कार्बोनेट होऊन राहतो. (मी फ्लास्ककडे बराच वेळ बघत बसलो होतो.)

दुसऱ्या खेपेस अभिक्रिया नीट झाली, तरीही तीन वेळा ईथरने निष्कर्षण करून हाती जेमतेम दीड ग्रॅम आले, सैद्धांतिक उत्पादन ४.६ ग्रॅम असताना. ३-अमिनोपायरिडीन पाण्यात सहज विरघळते आणि ईथरकडे फारसे जात नाही, हे मी लक्षातच घेतले नव्हते. टाकून न दिलेल्या त्या जलीय थरात, तळाशी न विरघळलेले मीठ दिसेपर्यंत मीठ घातले आणि अखंड निष्कर्षण यंत्रात ईथर रात्रभर फिरवले, तेव्हा उरलेले बहुतेक अमीन मिळाले. ते घन सोडियम हायड्रॉक्साइडवर कोरडे करून ईथर उडवल्यावर तपकिरी खडे राहिले. पुनर्स्फटिकीकरणानंतर रंग फिका झाला आणि द्रवणांक ६३ ते ६४ अंश आला.