पोपट खरंच ठेक्यावर नाचतोय की नुसती मान हलवतोय, हे घरी कसं तपासायचं (आणि तो नाचतो तरी का)

गाणं लावलं की पोपट मान वरखाली करायला लागतो, आपण व्हिडिओ काढतो, फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि सगळे म्हणतात बघा कसा तालात नाचतोय. यातले बरेच पोपट तालात नसतात, पण काही खरोखर असतात, आणि हा फरक तपासायची पद्धत कुणालाही मोबाईलवर करता येते.

ही पद्धत ज्या पक्ष्यामुळे माहीत झाली तो स्नोबॉल नावाचा पांढरा काकाकुवा, पिवळ्या तुऱ्याचा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात आयरीना शुल्झ यांच्या पक्षी आश्रयगृहात त्याला आधीच्या मालकाने आणून सोडलं, सोबत एक सीडी दिली आणि सांगितलं की हा यावर नाचतो. बॅकस्ट्रीट बॉइजचं 'एव्हरीबडी' लागलं की हा पाय उचलून, मान झटकून नाचायचा, तो व्हिडिओ जगभर फिरला आणि अनिरुद्ध पटेल या संशोधकाने बघितला. त्यांना शंका आली ती साधीच, हा गाण्याला ऐकून नाचतोय, की याची स्वतःची एक ठरलेली गती आहे आणि ती योगायोगाने या गाण्याशी जुळतेय? मग त्यांनी तेच गाणं सूर न बदलता जलद आणि संथ करून वाजवलं, मूळ लय मिनिटाला साधारण १०८ ठोके, ती २० टक्क्यांपर्यंत वाढवली आणि तेवढीच कमी केली. माणसांनी समोर नाचायचं नाही ही अट होती. स्नोबॉलने काही लयींना आपली गती बदलून पकडलं, सगळा वेळ नाही, मधूनमधून, तुकड्या-तुकड्याने. हे २००९ मध्ये छापून आलं.

आता आपण घरी करायचं ते असं.

आधी पक्षी जी गाणी लागल्यावर आपणहून हलतो त्यातलं एक घ्या, ज्यात ढोल किंवा ड्रमचा ठेका सरळ ऐकू येतो असं, मध्येच लय बदलणारं नको. १५ सेकंद टाळी वाजवत ठोके मोजा आणि चारने गुणा. समजा २७ आले, म्हणजे मिनिटाला १०८. आवाज आपण बोलतो तेवढाच ठेवा.

मग स्वतः थांबा, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. आपण नकळत पाय आपटतो, मान डोलावतो, कडेवरचं बाळ उड्या मारत असतं, आणि पक्षी गाण्याऐवजी आपल्याकडे बघून हलतो. त्यामुळे मोबाईल स्टँडवर लावून पिंजऱ्यासमोरून बाजूला व्हा, बोलून शाबासकी द्यायला हरकत नाही पण ती ठेक्यात देऊ नका. खाऊ दाखवू नका. व्हिडिओमध्ये खोलीतलाच आवाज रेकॉर्ड होऊ द्या, नंतर वरून गाणं चिकटवलं तर ठेका थोडा मागेपुढे सरकतो आणि सगळी तपासणी वाया जाते.

पहिल्यांदा गाणं मूळ लयीत लावा. दुसऱ्यांदा प्लेअरमधला स्पीड १.१ करा, म्हणजे १०८ चे साधारण ११९ होतील. संथ करून बघायचं असेल तर ते नंतर, कारण स्नोबॉललासुद्धा जलद लय जास्त जमली. प्रत्येक वेळी एक गाणं पुरे, पक्षी कंटाळून पाठ फिरवत असेल, पिसं अंगाला घट्ट दाबून मागे सरकत असेल तर त्या दिवशी बंद करा.

खरी गंमत व्हिडिओ बघताना आहे. समजा तुमचा पक्षी ऐकतच नाहीये, तो आपल्या सवयीने मिनिटाला १०८ वेळाच मान हलवतोय आणि गाणं चाललंय ११९ वर. गाण्याच्या दोन ठोक्यांत जवळपास ०.५ सेकंद अंतर, याच्या दोन झटक्यांत ०.५५, म्हणजे प्रत्येक झटका आधीपेक्षा ०.०५ सेकंद उशिरा पडणार. चार-पाच झटक्यांनंतर तो बरोबर दोन ठोक्यांच्या मध्ये असेल, अगदी उलटा, आणि साधारण दहा ठोक्यांनी, म्हणजे दर पाचेक सेकंदांनी, परत ठेक्यावर येईल! त्या क्षणी दोन-तीन झटके इतके चपखल बसतात की कुणीही म्हणेल जमलं. म्हणून पाच सेकंदांच्या क्लिपवर विश्वास ठेवू नका. व्हिडिओ अर्ध्या स्पीडने लावा, मान सगळ्यात खाली जाते तो क्षण पकडा आणि सलग पंधरा-वीस झटके ठोक्याजवळच राहतात का ते बघा. दर दुसऱ्या ठोक्याला मान खाली येत असेल तर तेही चालतं, फक्त ते तसंच टिकायला हवं. एकदाच असं झालं तर योगायोग असू शकतो, वेगवेगळ्या दिवशी आणि दोन्ही लयींना झालं तर तुमचा पक्षी ऐकतोय असं मी तरी मानेन.

गाणं बंद असतानाचाही एक व्हिडिओ काढा. पोपटाची पिल्लं भूक लागली की मान हलवतात, नर मादीसमोर किंवा आवडत्या माणसासमोर अन्न वर काढताना जोरात मान हलवतो, काही नुसते लक्ष वेधायला. गाण्याशिवायही तोच झटका त्याच गतीने येत असेल तर तो नाच नाही.

आता का, हे बघू. पटेल यांचं म्हणणं असं की ऐकलेला आवाज स्वतःच्या तोंडातून काढणं ज्या प्राण्यांना शिकता येतं त्यांच्या मेंदूत कान आणि हालचाल यांची जोडणी फार घट्ट असते, आणि ठेका पकडणं हा त्या जोडणीचाच पुढचा भाग आहे. पोपट आपली बोली उचलतो, कुत्रा हजारो वर्षं माणसासोबत राहून उचलत नाही, आणि गाण्यावर ठेका धरणारा कुत्राही सापडत नाही. २००९ मध्येच दुसऱ्या संशोधकांनी यूट्यूबवरचे प्राण्यांच्या नाचाचे हजारावर व्हिडिओ तपासले, आणि ठेका धरणारे जे सापडले ते जवळजवळ सगळे पोपटाच्या जातीतले, सोबत हत्ती.

पण नुसत्या आवाजाच्या नकलेने भागत नाही. नक्कल तर पुष्कळ गाणारे पक्षीही शिकतात, ते काही असे नाचताना दिसत नाहीत. पोपटाकडे अजून एक गोष्ट आहे, तो थव्यात आणि जोडीने वर्षानुवर्षं राहणारा, दुसऱ्याच्या हालचालीकडे बारीक लक्ष देणारा आणि त्या उचलणारा पक्षी आहे. पिंजऱ्यात त्याचा थवा म्हणजे तुम्ही. २०१९ मध्ये स्नोबॉलच्या नाचात १४ वेगवेगळ्या हालचाली मोजल्या गेल्या, आणि त्यासाठी त्याला कुणी खाऊ देऊन शिकवलेलं नव्हतं. मला यातलं हेच सगळ्यात पटतं, तो सोबतीसाठी नाचतो. म्हणून दिवसभर एकटा ठेवलेला पक्षी गाणं लावूनही गप्प बसला तर आधी त्याला वेळ द्या, गाणं नंतर.

या सिद्धांताला एक मोठा अडथळाही आहे. कॅलिफोर्नियात रोनन नावाची सी लायन आहे, म्हणजे सीलसारखा समुद्री प्राणी, आवाजाची नक्कल न करणारी जात, तिला मासे देऊन ठेक्यावर मान हलवायला शिकवलं आणि ती नवीन लयसुद्धा पकडते. म्हणजे ठेका शिकवता येणाऱ्या प्राण्यांची यादी पोपटांपेक्षा मोठी असेल, न शिकवता आपणहून धरणारे मात्र पोपटच पुढे.

आपल्याकडे ही तपासणी बजरीगर, कॉकटील किंवा काकाकुवा अशा पाळीव पोपटांवर करा. जपानमध्ये २०११ मध्ये बजरीगरांना मेट्रोनोम या एकसारख्या गतीने टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर चोच मारायला शिकवलं गेलं होतं आणि त्यांना ते जमलं, पण ते शिकवून, त्यामुळे आपल्या बजरीगरकडून स्नोबॉलसारख्या लाथा-झटक्यांची अपेक्षा नको. हिरवा देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तो झाडावरच बघायचा.