घरपट्टीची जाहीर सूचना सोप्या मराठीत कशी लिहावी

नगरपरिषदेच्या फलकावर लागतो तसा हा मजकूर घेऊ. उदाहरणापुरता मी तयार केला आहे, पण यातला प्रत्येक शब्द तुम्ही कुठे ना कुठे वाचलेला असेल.

«शहरातील सर्व मालमत्ताधारक व भोगवटादार यांना याद्वारे सूचित करण्यात येते की, सन २०२५-२६ या वर्षाची मालमत्ता कराची देयके निर्गमित करण्यात आलेली असून, उक्त देयकांची रक्कम विहित मुदतीत अदा न केल्यास थकीत रकमेवर प्रतिमाह २ टक्के शास्ती आकारण्यात येईल व तदनंतर जंगम मालमत्ता अटकावण्याची कार्यवाही अनुसरण्यात येईल. देयकाबाबत आक्षेप असल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी स्वरूपात सादर करावेत.»

शेजारच्या मावशींना हे वाचून दाखवले तर त्यांचा पहिला प्रश्न असतो, «म्हणजे बिल आलंय की यायचंय?» सूचनेने सांगायची पहिलीच गोष्ट ‘निर्गमित’ या शब्दात अडकून पडते.

पायरी १ : शब्द वेगळे काढा

संस्कृतातून आलेला प्रत्येक शब्द काढायचा नाही. ‘कर’, ‘वर्ष’, ‘रक्कम’ आणि ‘मुदत’ यांपैकी पहिले दोन संस्कृत आहेत, पुढचे दोन अरबी-फारसीतून आले आहेत, आणि चारही रोजच्या बोलण्यातले आहेत. उलट ‘अदा’ हा शब्द संस्कृत नाही, तरीही घरात कुणी «बिल अदा केलं» म्हणत नाही. म्हणून कसोटी एकच ठेवा : कर भरायच्या खिडकीपाशी रांगेत उभा असलेला माणूस हा शब्द स्वतःहून वापरेल का? नसेल वापरत, तर त्याखाली रेघ मारा.

आपल्या मजकुरात रेघ मारावी लागते ती अशी : भोगवटादार, सूचित, देयक, निर्गमित, उक्त, विहित, अदा, प्रतिमाह, शास्ती, तदनंतर, जंगम, अटकावणे, कार्यवाही, अनुसरणे, आक्षेप, सक्षम प्राधिकारी. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर कारभार मराठीत आणण्यासाठी इंग्रजी कायद्यातल्या शब्दांना मराठी जोड्या हव्या होत्या, आणि त्या मोठ्या संख्येने संस्कृतावरून घडवल्या गेल्या. फाइलमध्ये आणि कायद्यात त्यांचे काम आहेच. फलकासमोर थांबलेल्या माणसाला मात्र त्या उपयोगी पडत नाहीत.

पायरी २ : सरळ बदलता येणारे बदला

देयक म्हणजे बिल, अदा करणे म्हणजे भरणे, प्रतिमाह म्हणजे दरमहा, तदनंतर म्हणजे त्यानंतर, आक्षेप म्हणजे हरकत. ‘उक्त’ आणि ‘याद्वारे’ गाळले तरी काही बिघडत नाही. धनादेश, भ्रमणध्वनी, संकेतस्थळ हे शब्द आले तर चेक, मोबाइल, वेबसाइट असेच लिहा. बँकेत आणि बाजारात लोक तेच म्हणतात.

‘मालमत्ता कर’ जरा जपून हाताळा. बोलण्यात बहुतेक ठिकाणी ‘घरपट्टी’ आहे, कोल्हापूरकडे ‘घरफाळा’ आहे. तुमच्या गावचा शब्द घ्या, पण बिलावर ‘मालमत्ता कर’ छापलेले असते, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे कंसात तेही लिहा. नाहीतर हा दुसराच काही कर आहे असे वाटून गोंधळ होतो.

पायरी ३ : ज्या शब्दामागे माहिती दडली आहे, तिथे माहिती लिहा

बहुतेक जण इथे चुकतात. ‘विहित मुदतीत’च्या जागी ‘ठरलेल्या मुदतीत’ लिहिले की शब्द सोपा होतो, पण वाचणाऱ्याला काहीच नवे कळत नाही. विहित म्हणजे कुणीतरी ठरवून दिलेली. मग ती तारीखच लिहायला हवी. ‘सक्षम प्राधिकारी’चे भाषांतर ‘योग्य अधिकारी’ असे केले तर माणूस कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. अशा शब्दांपाशी थांबा आणि कर विभागात जाऊन विचारा : तारीख कोणती, हरकत कुणाकडे द्यायची, किती दिवसांत? आपल्या उदाहरणात उत्तरे अशी मिळाली असे धरू : ३१ डिसेंबर, मुख्याधिकारी, बिल मिळाल्यापासून १५ दिवस.

पायरी ४ : कायद्याचा अर्थ हलू देऊ नका

‘मालमत्ताधारक’साठी ‘घरमालक’ हा शब्द चटकन सुचतो. तो टाळा. त्यात दुकान आणि मोकळी जागा येत नाही, शिवाय भोगवटादार, म्हणजे मालक नसूनही जागा वापरणारा, बाहेर राहतो. इथे एका शब्दाऐवजी एक वाक्य खर्च करणेच बरे.

‘शास्ती’चेही तसेच आहे. लोक दंड म्हणतात आणि त्यांना तेच समजते. पण कायद्याच्या मराठीत दंड आणि शास्ती हे वेगळे शब्द आहेत, आणि बिलावर ‘शास्ती’ असा रकाना असतो. म्हणून ‘दंड (शास्ती)’ असे एकदा लिहा आणि पुढे रुपयांत हिशेब दाखवा. दोन टक्के म्हणजे किती हे ५,००० रुपयांवर १०० रुपये असे सांगितले की लगेच डोळ्यांपुढे येते.

‘जंगम मालमत्ता’ म्हणजे हलवता येणाऱ्या वस्तू. एकदोन वस्तूंची नावे घातली की पुरते. आणखी एक लक्षात ठेवा : मूळ मजकुरात ‘येईल’ असेल तर तुमच्या मजकुरात ‘येऊ शकेल’ होऊ देऊ नका. मऊ लिहिण्याच्या नादात ताकीद सौम्य होते आणि नुकसान त्या माणसाचे होते. थकबाकीदाराच्या नावे निघणारी कायदेशीर नोटीस ही वेगळी गोष्ट आहे. तिचा ठरलेला मसुदा परस्पर बदलू नका.

पायरी ५ : क्रियापदे मोकळी करा

अवघड शब्द गेले तरी ‘करण्यात येत आहे’ उरले तर वाक्य जडच राहते. कोण करणार ते लिहा : बिले आम्ही वाटली आहेत, घरपट्टी तुम्ही भरा. ‘भरा’ हे उद्धट वाटेल अशी शंका कार्यालयात हमखास निघते. पण ते ‘तुम्ही’चेच रूप आहे, आदर त्यात आहेच.

आता सगळे जुळवून :

«घरपट्टी (मालमत्ता कर) ३१ डिसेंबरपर्यंत भरा

घर, दुकान किंवा मोकळी जागा तुमच्या नावावर असेल, किंवा तुम्ही ती वापरत असाल, तर ही सूचना तुमच्यासाठी आहे.

२०२५-२६ ची बिले आम्ही वाटली आहेत. बिल मिळाले नसेल तर नगरपरिषदेच्या कर विभागातून घ्या.

३१ डिसेंबरनंतर, राहिलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड (शास्ती) लागेल. ५,००० रुपये राहिले असतील तर महिन्याला १०० रुपये. त्यानंतरही पैसे भरले नाहीत, तर टीव्ही, गाडी यांसारख्या हलवता येणाऱ्या वस्तू आम्ही जप्त करू.

बिल चुकीचे वाटते? बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या.»

पायरी ६ : वाचून दाखवा, पण «समजलं का?» विचारू नका

त्याला सगळे «हो» म्हणतात. त्याऐवजी कार्यालयाबाहेरच्या दोघातिघांना एकदा वाचून दाखवा आणि विचारा : पैसे कधीपर्यंत भरायचे? उशीर झाला तर काय होईल? बिल चुकीचे असेल तर कुठे जाल? ज्या प्रश्नाला माणूस अडखळतो, त्याचे वाक्य पुन्हा लिहा. मग कर निरीक्षकांकडून तारखा, टक्केवारी आणि जप्तीचे वाक्य मूळ मजकुराशी ताडून घ्या. ‘अटकावणे’ची जागा ‘जप्त करणे’ने घेतलेली चालते का, हेही त्यांनाच विचारा, नाही म्हणाले, तर ‘ताब्यात घेऊन अडकवून ठेवू’ असे लिहा.