दोनदा आलेले पैसे परत करताना या चुका टाळा

आमचा स्टेशनरीचा होलसेल धंदा. एका दुकानदाराच्या 18,450 रुपयांच्या बिलाचे पैसे 3 तारखेला यूपीआयने आले. 5 तारखेला त्यांच्या अकाउंटंटने तेवढेच पुन्हा एनईएफटीने पाठवले. मालकांनी आधीच भरलेत हे त्याला माहीतच नव्हतं. 9 तारखेला बँक स्टेटमेंट जुळवताना दुसरी रक्कम कुठल्याच बिलाला लागेना, तेव्हा उलगडा झाला.

आमच्या मुलाने ईमेल टाकला: "तुमचं जास्तीचं पेमेंट आलंय, लवकरच परत करू. खाते क्रमांक कळवा." पार्टीला वाटलं, कुणीतरी फसवतंय. त्यांनी उत्तरच दिलं नाही. चूक त्यांची नव्हती; असे ईमेल भामटेही पाठवतात. बिल नंबर नाही, तारखा नाहीत, वर खातं मागितलेलं.

मग असं लिहिलं:

"नमस्कार. बिल क्र. 214 चे रु. 18,450 आम्हाला दोनदा मिळाले आहेत: 3 तारखेला यूपीआयने व 5 तारखेला एनईएफटीने. दोन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक खाली दिले आहेत, आपल्या स्टेटमेंटशी पडताळून पाहावेत. काल स्टेटमेंट जुळवताना हे लक्षात आले. 5 तारखेची रक्कम त्याच खात्यात 11 तारखेला सकाळी एनईएफटीने परत पाठवत आहोत, त्याच दिवशी जमा व्हावी. पाठवल्यावर यूटीआर कळवू. खात्याची खात्री करायला नेहमीच्या नंबरवर फोन करू. ओटीपी किंवा पिन कधीच विचारणार नाही."

फोनचं वाक्य उगाच नाही. एनईएफटीच्या नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पण खाते क्रमांक बहुतेकदा दिसत नाही. तो आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारावा आणि कॅन्सल्ड चेकचा फोटो मागवून नाव जुळवावं. ईमेलच्या उत्तरात "दुसऱ्या खात्यात टाका" असं आलं तर तिथेच थांबा. आणि पैसे खरंच आलेत का, हे मेसेज किंवा स्क्रीनशॉटवर नाही, स्टेटमेंटवर पाहा. खोटा स्क्रीनशॉट दाखवून "जास्तीचे" पैसे उकळणारे भेटतात.

"लवकरच" हा शब्द तर काढूनच टाका. एनईएफटी 2019च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते, त्यामुळे तारीख देता येते. पेमेंट गेटवेवरून कार्डाने आलेले असतील तर मूळ व्यवहारावरूनच रिफंड टाका; तिथे ग्राहकाच्या बँकेला काही दिवस लागतात, तसं सांगा. घाईत वेगळी एनईएफटी केलीत आणि ग्राहकाने बँकेत तक्रारही घातली, तर पैसे दोनदा जातील.

हिशेबातली एक चूक आमच्याकडेही झाली: मुलाने क्रेडिट नोट काढली. माल परत आलेला नाही, बिलाची रक्कमही बरोबर आहे, मग विक्री कमी का दाखवायची? पार्टीच्या खात्यात जमा बाकी होती, ती पेमेंट नोंदीने मिटली. क्रेडिट नोट रद्द केली.

दोन दिवसांनी "आले नाहीत" असा फोन आलाच. यूटीआर त्यांच्या बँकेत दाखवायला सांगितला. पैसे जमा झाले होते, अकाउंटंट दुसरंच खातं बघत होता.