उघड्या विटांवरून भिंतीची जाडी ओळखणे
विदर्भातल्या खेड्यातील जुन्या घराच्या भिंतीवर सागवानी तुळई टेकवण्यापूर्वी, गिलावा निघालेल्या जागी विटांचे चार थर पाहावेत. सर्वत्र विटेची लांब बाजूच दिसल्यास भिंत बहुधा अर्ध्या विटेची, म्हणजे सुमारे साडेचार इंचांची असते, आणि तिच्यावर तुळईचा भार देऊ नये. एक थर लांब बाजूंचा व पुढचा आखूड तोंडांचा असल्यास तो इंग्लिश बाँड, तर एकाच थरात दोन्ही आलटून-पालटून आल्यास फ्लेमिश. दोन्हींत जाडी सहसा किमान नऊ इंच असते, मात्र आतले सांधे एकावर एक कमी येत असल्याने इंग्लिश अधिक भक्कम ठरतो. कधी देखाव्यासाठी अर्ध्या तोडलेल्या विटा लावलेल्या असतात, म्हणून दाराच्या कडेला जाडी मोजावी. इंग्लिश बाँड आजही वापरात असल्याने केवळ त्यावरून काळ ठरवू नये. सांध्यात चुना आहे की सिमेंट, हेही पाहावे.