पहिली ओळ आणि ‘see more’ची मर्यादा

लिंक्डइनच्या एका पोस्टमध्ये ३००० अक्षरे मावत असली, तरी फीडमध्ये वाचकाला सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर ‘see more’च्या मागे राहतो. ही मर्यादा अक्षरे मोजून पाळता येत नाही. कारण मोबाइलच्या पडद्याची रुंदी, फॉन्टचा आकार आणि सोबत जोडलेला फोटो यांनुसार ती बदलते. त्यातच पहिल्या वाक्यानंतर मोकळी ओळ सोडली, तर तीही त्या दोन-तीन ओळींमध्येच धरली जाते.

कोल्हापुरातल्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या पोस्ट मी पाहतो. तिथे नव्याने रुजू झालेल्या मुलीने पहिला मसुदा आणला, त्याची सुरुवात अशी होती: “आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, आमच्या गुणवत्ता विभागाने ग्राहकांच्या समाधानासाठी एक महत्त्वपूर्ण उपक्रम…” मोबाइलवर मजकूर इथेच तुटत होता. हे वाक्य कोणत्याही कारखान्याला चालले असते, म्हणून पुढे काय आहे याची उत्सुकता वाटण्याचे काहीच कारण उरत नव्हते. खरी गोष्ट पाचव्या ओळीत होती: पावसाळ्यात मोल्डिंगच्या वाळूतला ओलावा वाढतो, ओतकामात वायू अडकून ब्लो-होल पडतात, आणि ती बहुधा ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावरच दिसतात.

आम्ही तीच ओळ वर घेतली: “पावसाळ्यात आमच्या कास्टिंगमधली ब्लो-होल ग्राहकाच्या मशीनवर उघडी पडत, आता आम्ही ती ओतण्याआधीच रोखतो.” यात कास्टिंग विकत घेणाऱ्या माणसाला स्वतःची अडचण लगेच ओळखू येते, मात्र ती कशी रोखली हे समजण्यासाठी मजकूर उघडावा लागतो. याच ओळीत “दर पाळीला वाळूचा ओलावा तपासून” एवढे जोडले असते, तर उत्तर तिथेच मिळाले असते आणि वाचक पुढे सरकला असता. पहिल्या ओळीत अडचण पूर्ण सांगावी आणि उपाय राखून ठेवावा, असे माझे मत याच कामातून पक्के झाले.

मात्र राखून ठेवलेला उपाय खाली खरोखर असला पाहिजे. “हे वाचून तुम्ही थक्क व्हाल” अशी ओळ पोस्ट उघडायला लावते, पण खाली काही नसेल तर वाचक लगेच निघून जातो. वाचक पोस्टवर किती वेळ थांबतो, याचा उपयोग फीडचा क्रम लावताना होतो, हे लिंक्डइनच्या अभियंत्यांनी २०२० मध्येच लिहिले आहे. त्यामुळे असा क्लिक मिळूनही पोस्टचे नुकसानच होते.

पहिली ओळ साधली की नाही, हे प्रतिक्रियांवरून बरेचसे ओळखता येते. नुसती “अभिनंदन” दिसली, तर लोकांनी बहुधा फोटोच पाहिला. खाली लिहिलेलीच गोष्ट कोणी विचारली, तर त्याने मजकूर उघडलेला नाही. या पोस्टखाली मात्र एका खरेदी अधिकाऱ्याने ओलावा कोणत्या उपकरणाने मोजता असे विचारले, आणि ओलावा मोजण्याचा उल्लेख फक्त शेवटच्या परिच्छेदात होता.